लघुकथा 'चाळीस-एकोणचाळीस': टेबलाच्या स्क्रीनशॉटने वाद मिटतो का?

शर्वरी_फोंडा
एक छोटी कथा टाकतेय.

२०२५च्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी रमाकांत आणि आंतोन मडगावच्या बाजारातल्या हॉटेलात भाजी-पाव खात बसले होते. शाळेपासूनचे मित्र. बोलता बोलता विषय फुटबॉलच्या आय-लीगवर आला. "यंदा इंटर काशी चॅम्पियन," रमाकांत म्हणाला. आंतोनने पाव खाली ठेवला. "आपला चर्चिल. मी स्वतः बघितलंय." आवाज चढले, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. रमाकांतने पाचशेची नोट काढून मध्ये ठेवली. आंतोनने मोबाइल काढला, गॅलरीत मागे मागे जात गुणांच्या टेबलाचा एक स्क्रीनशॉट शोधला आणि समोर धरला. चर्चिल ब्रदर्स, २२ सामने, ४० गुण. त्याखाली इंटर काशी, २२ सामने, ३९ गुण. रमाकांत बराच वेळ बघत राहिला. मग त्याने नोट सरकवली. "आकड्यांपुढे काय बोलणार?" आंतोनने त्याच नोटेतून दोघांचं बिल दिलं.

कशी वाटली? पुरावा समोर आला की वाद संपतो आणि मैत्री टिकते, एवढंच म्हणायचं होतं.

पंच_सासष्टी
शर्वरीबाई, तुमचा रमाकांत बरोबर होता. बरोबर माणसाला तुम्ही मान खाली घालायला लावलीत, आणि हे मला सहन झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आंतोनचा स्क्रीनशॉट खोटा नाही. ६ एप्रिल २०२५च्या संध्याकाळी टेबल अगदी तसंच होतं. शेवटच्या फेरीत चर्चिलने श्रीनगरला रियल काश्मीरशी १-१ बरोबरी केली आणि ते ४० वर थांबले. काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ हरवलं आणि ते ३९ वर आले. पण तुमची कथा चवथीत घडते. चवथ होती २७ ऑगस्टला. त्याआधी, १८ जुलैला, लोझानच्या क्रीडा लवादाचा निकाल आला होता आणि काशीला विजेते जाहीर करा असा आदेश फुटबॉल महासंघाला मिळाला होता. म्हणजे आंतोन ऑगस्टात एप्रिलचं चित्र दाखवतोय, आणि चित्रावर तारीख कुठेच नाही.

आता मुळात झालं काय ते. १३ जानेवारीला नामधारीने काशीला २-० हरवलं. त्या सामन्यात नामधारीकडून एक ब्राझिलियन खेळाडू उतरला होता. पिवळी कार्डं साठल्यामुळे त्याने तो सामना बाहेर बसायला हवा होता. काशीने तक्रार केली. शिस्तपालन समितीने सामना काशीला ३-० असा बहाल केला. मग नामधारी अपिलात गेले, अपील समितीने आधी त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि लीग संपल्यावर एप्रिलमध्येच निकाल नामधारीच्या बाजूने दिला. त्या जोरावर चर्चिल विजेते जाहीर झाले, करंडकही त्यांच्या हाती गेला. काशी लवादात गेली आणि जिंकली.

हा एकच सामना टेबलात काय करतो ते बघा. ६ एप्रिलला काशीची ओळ अशी होती: ११ विजय, ६ बरोबरी, ५ पराभव. तीन गुणिले अकरा तेहतीस, अधिक सहा, एकोणचाळीस. नामधारीचा सामना फिरला की एक पराभव जातो आणि त्याच जागी एक विजय येतो. १२, ६, ४. गुण ४२. सामने २२ ते २२च. गोलफरकात मात्र पाचाची उडी, कारण उणे दोनच्या जागी अधिक तीन आले. चर्चिलची ओळ ११, ७, ४ अशीच राहते, ४० गुण. त्यांच्या ओळीतला एकही आकडा हललेला नाही, तरी ते पहिल्याचे दुसरे झाले.

आता आंतोनने दाखवलेलं चित्र बघा. त्यात फक्त सामने आणि गुण आहेत. विजय, बरोबरी, पराभव आणि गोलफरक हे रकाने कापले गेलेत. मोबाइल उभा धरला की बऱ्याच ॲपमध्ये तेच होतं. ते रकाने असते आणि रमाकांतने स्वतःच्या मोबाइलवर त्या दिवशीचं टेबल उघडलं असतं, तर दोन ओळी शेजारी ठेवून त्याला लगेच विचारता आलं असतं: सामने तेवढेच, मग एक पराभव गेला कुठे?

मी बरीच वर्षं गावच्या स्पर्धांत शिट्टी वाजवली आणि टेबलंही लिहिली. सामन्यानंतर प्रोटेस्टची मुदत संपेपर्यंत आम्ही निकाल पेन्सिलने लिहायचो. मोबाइलवरच्या टेबलात पेन्सिल आणि शाई सारखीच दिसते. तुमच्या कथेची गंमत तिथे होती, आणि तुम्ही ती "आकड्यांपुढे काय बोलणार" म्हणून बुजवलीत.

साक्षेपी
पंचसाहेब, ही कथा आहे, अपील समितीची बैठक नाही. कथेत दोन मित्र आहेत, एक हट्टी, एक समंजस. समंजस माणूस हरतो आणि जिंकलेला बिल देतो. शेवट तिथे आहे. लवादाचा निकाल घातला तर कथेची बातमी होईल.

दर्यावर्दी
करंडक मिळाला तेव्हा मी फटाके लावलेत, त्यामुळे मला कोणी टेबल शिकवू नये. चर्चिल २२ सामने खेळले आणि सगळ्यांत जास्त गुण घेतले. मैदानावर. आंतोन म्हणतो "मी बघितलंय", ते शंभर टक्के खरं आहे. नामधारीने काशीला २-० हरवलं हेसुद्धा लोकांनी डोळ्यांनी बघितलं. स्वित्झर्लंडात बसून कोणीतरी पराभवाचा विजय केला आणि तुम्ही म्हणता रमाकांत बरोबर! मग गवतावर घाम कशाला गाळायचा?

आणि काशी काही धुतल्या तांदळाची नाही. त्यांनी त्या स्पॅनिश बार्कोची मधेच परत नोंदणी केली, त्यावर तीन क्लबांनी तक्रार केली होती. ते का नाही लिहिलंत?

पंच_सासष्टी
बार्कोचं लिहिलं नाही कारण त्याने ऑगस्टचं टेबल हललं नाही. तेही प्रकरण लवादात गेलं आणि जूनमध्ये काशीच्या बाजूने लागलं. उलटं लागलं असतं तर काशीचे गुण गेले असते आणि तुमचा आंतोन चवथीलाही बरोबर ठरला असता.

गवताचं म्हणता, तर निलंबित खेळाडू त्याच गवतावर उतरला होता. कार्डांचा हिशेब ठेवणं क्लबाचं काम आहे. गावच्या स्पर्धेतसुद्धा संघाचा मॅनेजर वहीत मांडून ठेवतो की पुढच्या सामन्यात कोण बसणार.

सुहास_पर्वरी
मला वाटतं दोघेही थोडे चुकताय. मी वाचलं होतं त्याप्रमाणे चर्चिलचे गुण कापले गेले, म्हणून काशी वर गेली. युरोपात हल्ली असंच करतात, आर्थिक नियम मोडले की गुण कापायचे. तेव्हा स्क्रीनशॉट जुना होतो हे पंचांचं म्हणणं खरं, पण कारण वेगळं.

मंजिरी_लिव्हरपूल
सुहास, गुण कापले की टेबल वेगळं दिसतं. मी ते इथे २०२३-२४ मध्ये वर्षभर बघितलंय. इथल्या एव्हर्टन क्लबाचे नोव्हेंबरमध्ये १० गुण कापले. फेब्रुवारीत अपिलात त्याचे ६ झाले. एप्रिलमध्ये आणखी २ गेले. मोसम संपला तेव्हा त्यांची ओळ होती १३ विजय, ९ बरोबरी, १६ पराभव. गुणाकार केला तर ४८ येतात, टेबलात ४० दिसत होते. आठ कमी.

तेव्हा ओळखायची सोपी रीत अशी: विजय गुणिले तीन अधिक बरोबरी, हे गुणांशी जुळलं नाही तर गुण कापलेत. जुळलं, सामने तेवढेच राहिले, आणि तरी दोन दिवसांच्या चित्रांत विजय-पराभव बदलले, तर एखाद्या जुन्या सामन्याचा निकाल फिरवलाय. काशीचं हे दुसरं. चर्चिलचे ४० कधीच कापले नाहीत.

त्या वर्षी माझ्या ऑफिसात एकाने डिसेंबरचा स्क्रीनशॉट मार्चमध्ये दाखवून एव्हर्टन खाली जाणार यावर पैज लावली होती. चित्रात वजा दहा होते, प्रत्यक्षात तोवर वजा सहा. लोकांनी पैसे लावले सुद्धा. मला राग आला होता, कारण ती चूक नव्हती, त्याला माहीत होतं.

सुहास_पर्वरी
ठीक आहे, कापले नाहीत. पण परिणाम तोच ना, चर्चिल खाली.

चिपळूणचा_बापू
आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धेत असाच घोळ झाला होता. साखळी सामने संपल्यावर आयोजकाने ग्रुपवर टेबलाचा फोटो टाकला. आमचा आणि दुसऱ्या वाडीचा संघ सारख्या गुणांवर, त्यांचा नेट रनरेट जरा जास्त. आम्ही सामान आवरून घरी निघालो. वाटेत पुतण्या म्हणाला, काका, आपण त्यांना ऑल आउट केलं होतं ना? ते बारा षटकांच्या सामन्यात नऊ षटकांत बाद झाले होते, आणि आयोजकाने धावांना नवानेच भागलं होतं. ऑल आउट झालेल्या संघाला पूर्ण बारा षटकं धरायची असतात. बाराने भागल्यावर आम्ही वर. परत फिरलो तर उपांत्य सामन्याचा टॉस होऊन गेला होता. त्यांनी ऐकलंच नाही. फोटो सगळ्यांना गेलाय म्हणाले. पुतण्या अजून त्या मैदानावर पाय ठेवत नाही.

तर माझं मत, आकडा कोणी भरला तेही विचारावं. काशी कुठली टीम ते मला माहीत नाही.

पंच_सासष्टी
बापू, तुमचं उदाहरण इथे चपखल बसतं. फरक एवढाच की तुमच्या आयोजकाचं टेबल पहिल्यापासून चुकलेलं होतं, आणि आंतोनचं त्या संध्याकाळपुरतं बरोबर होतं. तुमच्या पुतण्याने केलं ते रमाकांतने करायला हवं होतं.

दर्यावर्दी
बापूंनी बरं विचारलं, काशी कुठली टीम! मलाही तेच विचारायचंय. क्लब २०२३ मध्ये निघाला, पैसे भरून थेट आय-लीगमध्ये आला. नाव वाराणसीचं, आणि त्या मोसमात घरचे सामने कुठे? पश्चिम बंगालात, कल्याणीला! ज्या गावाचं नाव लावता तिथल्या पोरांनी तुम्हाला बघितलंच नाही. आणि चर्चिल? सासष्टीतला प्रत्येक म्हातारा सांगेल २००८-०९ आणि २०१२-१३ कसे जिंकले ते. अशा क्लबाला एका कार्डावरून खाली ढकललं. याचं कोणालाच काही वाटत नाही का?

वाराणसीकर
दर्यावर्दी, मी वाराणसीचा. आमचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या इथे घाटाजवळ आहे, तेव्हा "तिथल्या पोरांनी" मध्ये मी येतो. कल्याणीचं मलाही खटकतं. माझ्या गावाच्या नावाचा संघ आय-लीग खेळला आणि त्याचे घरचे सामने मला मोबाइलवर बघावे लागले. क्लबवर मी त्याबद्दल अनेकदा चिडलोय. पण त्याचा आणि नामधारीच्या कार्डाचा संबंध काय? क्लब जुना असेल तर ४० हे ४२ पेक्षा जास्त होतात का?

दर्यावर्दी
संबंध असा की नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, पण तो शेवटपर्यंत लढवायला पैसा लागतो. लोझानपर्यंत जाणं कोणाला परवडतं? २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. साळगावकर २०१०-११चे विजेते, धेंपो तर कितीदा. का पडले? आय-लीगवाल्यांना आयएसएल या वरच्या लीगचं दार बंद ठेवायचा बेत होता म्हणून. दार उघडलं ते सात वर्षांनी, पंजाब गेले तेव्हा. पुढच्या वर्षी मोहम्मडन. मग आमचा चर्चिल दारात पोचला आणि दार परत लागलं. माझ्या बापाने फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्यांवर आयुष्य घालवलं. त्याला मी ४२ चा हिशेब कसा सांगू?

पंच_सासष्टी
२०१६चं तुमचं दुःख माझंही आहे. त्या तीन क्लबांत मी शिट्टी वाजवलेली पोरं खेळली. पण तो वाद आयएसएल कोणासाठी उघडायची याचा होता, आणि हा एका सामन्यात कोण उतरू शकतो याचा. दुसऱ्यावर पहिल्याचा राग काढू नका.

एक मात्र मान्य करतो. महासंघाने लीग संपण्याआधी अपील निकाली काढायला हवं होतं. सामना जानेवारीचा, निकाल एप्रिलचा, आणि त्यानंतर लवाद जुलैत. शेवटच्या फेरीला उतरताना चर्चिलच्या पोरांना कळायला हवं होतं की बरोबरी पुरेशी आहे की नाही. काशी ३९ वर धरायची की ४२ वर, यावर श्रीनगरचा तो सामना कसा खेळायचा हे ठरत होतं. काशीचे ४२ धरले तर चर्चिलला १-१ वर समाधान मानून चालणारच नव्हतं, आणि त्यांच्याकडे आधीचे ३९ असल्यामुळे जिंकूनही ते ४२ वरच पोचले असते. म्हणजे मग दोघे सारख्या गुणांवर, आणि विजेता ठरवायला पुढचा नियम काढावा लागला असता. अधांतरी टेबलावर शेवटची फेरी खेळवली, हा अन्याय खरा आहे, आणि तो चर्चिलवर झाला.

दर्यावर्दी
हे आधी म्हणाला असता तर मी एवढा बोललो नसतो. तरी आमच्यासाठी चॅम्पियन चर्चिलच.

वाराणसीकर
असू दे तुमच्यासाठी. वर गेलेला संघ मात्र काशी आहे.

साक्षेपी
चर्चा कल्याणीहून २०१६ वर गेली आणि कथा राहिली बाजूला. शर्वरी, माझं ऐक, तारीख काढून टाक. चवथ नको, आय-लीग नको, संघांना खोटी नावं दे. मग कोणाला काही बोट ठेवता येणार नाही.

मंजिरी_लिव्हरपूल
साक्षेपी, तसं केलं तर उरेल काय? "दोन संघ, एकाचे ४० गुण, एकाचे ३९" हे कोणीही लिहील. आंतोन अडून बसतो कारण संघ चर्चिल आहे आणि हे मडगाव आहे. आणि रमाकांत गोव्यात बसून काशीचं नाव घेतो यालाही धाडस लागतं. त्याला ते कुठून कळलं, हे कथेत यायला हवं होतं.

शर्वरी_फोंडा
सगळं वाचलं. मला लवादाचं माहीत होतं. मी मुद्दाम आंतोनला जिंकवलं, कारण मला वाटलं रमाकांतने मित्रासाठी सोडून दिलं असं वाचकाला कळेल. ते कुणालाच कळलं नाही असं दिसतंय.

साक्षेपी
हे कथेत कुठे आहे? "आकड्यांपुढे काय बोलणार" असं म्हणणारा माणूस सोडून देत नाही, तो पटल्याचं सांगतो.

पंच_सासष्टी
शर्वरीबाई, असं असेल तर माझी तक्रार अर्धीच उरते. पण मग रमाकांतला काहीतरी माहीत आहे हे एका ओळीत तरी दाखवा. स्क्रीनशॉटमध्ये सगळे रकाने ठेवा. काशीच्या ओळीत ११, ६, ५ असू दे. रमाकांतची नजर त्या पाचावर थांबू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल.

दर्यावर्दी
पाचावर थांबवा हवं तर, पण त्याला बोलायला लावू नका. आणि पाचशेची नोट आंतोनकडेच राहू दे.

वाराणसीकर
नोट का राहू दे? पैज हरलेल्याने बिल द्यायचं असतं. पैज आंतोन हरलाय.

शर्वरी_फोंडा
पाच घेते. नोटेचं उद्या ठरवते.